रेइया, फिरुता, तोन काबु

फोटोशॉपच्या माथ्यावर मेन्यूची जी आडवी ओळ असते, ती मी पुण्यात कधी वाचली नव्हती. तिच्याखाली बसून लग्नांचे अल्बम केले, पासपोर्टचे फोटो कापले, देवांच्या तसबिरी उजळल्या. पण ती वाचावी असं कधी मनात आलं नाही. फाइल पहिली, एडिट दुसरी, इमेज तिसरी, लेयर चौथी, हात आपोआप जायचा. जुन्या वाड्याच्या काळोख्या जिन्यावर पाय पडतात तसा. सदाशिव पेठेतल्या आमच्या दुकानात तर मेन्यू उघडणं हेच नवखेपणाचं लक्षण मानत. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते काका खुर्चीमागून नुसता आवाज टाकायचे. "लेव्हल मार. आता थोडा कर्व्ह दे. कपाळावरचं क्लोननं काढ. मर्ज नको मारूस गं एवढ्यात, नवरीची आई यायची आहे, ती साडीचा रंग बदलायला लावणार." हे सगळे शब्द इंग्रजी आहेत याचंही भान नव्हतं. मारणं, देणं आणि काढणं यांना चिकटून ते मराठीच झाले होते.

पुढं काही काळ तोक्योत राहायचा योग आला. शहराच्या पूर्वेला एदोगावा भागात निशिकासाई आहे. भारतीय कुटुंबं तिथं पुष्कळ राहतात, वाण्याच्या दुकानात तूरडाळ मिळते. स्टेशनजवळ फोटोचं एक लहानसं जुनं दुकान होतं. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं आणि मला जपानी त्याहून कमी. मात्र जुने फोटो दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडं साचलं होतं आणि माझे हात रिकामे होते. दुपारी त्यांच्या मशीनवर बसायचं ठरलं. सकाळी त्या स्वतः त्याच मशीनवर बसत, त्यामुळं भाषा बदलायचा विचारही करायचा नव्हता. फोटोशॉप उघडलं आणि माथ्यावर ही ओळ आली:

ファイル(F) 編集(E) イメージ(I) レイヤー(L) 書式(Y) 選択範囲(S) フィルター(T) 表示(V) ウィンドウ(W) ヘルプ(H)

पहिल्यांदा डोळे कंसांतल्या रोमन अक्षरांवर टेकले. ती सजावट नाही. विंडोजमध्ये Alt दाबून एखादं अक्षर दाबलं की तो मेन्यू उघडतो. इंग्रजी आवृत्तीत ते अक्षर शब्दातच असतं, त्याच्याखाली रेघ मारली की काम झालं. जपानी शब्दात रोमन अक्षर नसतंच, म्हणून ते कंसात शेजारी बसवतात, आणि बसवताना इंग्रजीचंच ठेवतात. फिल्टरपुढं F नसून T आहे, कारण F आधीच फाइलनं घेतलेला. टाइपच्या मेन्यूपुढं Y, कारण T फिल्टरकडं गेला. इंग्रजी मेन्यूतली ही जुनी वाटणी जपानी शब्दांच्या पाठीवर तशीच्या तशी राहिलेली. म्हणजे कंसातलं अक्षर हे त्या जपानी शब्दाचं आद्याक्षर नव्हे. ते मूळ नावाचा उरलेला एक तुकडा आहे.

मेन्यूच्या आत गेलं की आणखी तीन खुणा मिळतात, आणि त्या कोणत्याही भाषेत बदलत नाहीत. नावापुढं तीन टिंबं असली तर आधी चौकट उघडेल, विचारेल, मगच काही होईल. टिंबं नसली तर दाबताक्षणी फोटोवर परिणाम. उजवीकडं बाण असेल तर आत आणखी यादी. आणि काही नावं फिकी असतात, म्हणजे आत्ता त्यांचं काम नाही. सगळ्यांत जास्त शिकवलं ते या फिक्या नावांनी. निवड केलेली नसताना 選択範囲 हा मेन्यू उघडला तर 選択を解除 फिकं दिसतं. चौकोनी निवड काढून पुन्हा उघडलं की काळं होतं. निवड असतानाच जिवंत होणारं आणि शेजारी Ctrl+D लिहिलेलं नाव डिसिलेक्टच असणार. शॉर्टकट तर उजव्या कडेला रोमन लिपीतच छापलेले असतात. Ctrl+L लेव्हल, Ctrl+M कर्व्ह, Ctrl+U ह्यू-सॅच्युरेशन, Ctrl+I इन्व्हर्ट. एवढे चार सापडले की त्यांच्या मधल्या अनोळखी नावांना शेजार मिळतो, आणि शेजारावरून माणूस ओळखायची सवय आपल्याला आहेच.

पण शॉर्टकटवर फार विसंबता येत नाही, हेही त्याच मशीननं दाखवलं. B दाबला की ब्रश यायला हवा, आला नाही. उलट पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खिडकी उघडली आणि तिच्यात अक्षर उमटलं. जपानी टायपिंगची सोय चालू असली की एकेकट्या अक्षराची कळ आधी ती सोय गिळते, फोटोशॉपपर्यंत पोचूच देत नाही. Ctrl बरोबरचे शॉर्टकट मात्र चालू राहतात, त्यामुळं आपण बराच वेळ कोड्यात पडतो: लेव्हल उघडते, मग ब्रश का येत नाही? कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 半角/全角 अशी कळ असते, ती एकदा दाबली की हातांना त्यांची अक्षरं परत मिळतात. ब्रश लहानमोठा करायच्या चौकोनी कंसांच्या कळा जपानी कीबोर्डवर शेजारी शेजारी नाहीत, वर-खाली आहेत. तेवढं मात्र बोटांना नव्यानं शिकावंच लागलं.

खरी चावी निराळीच होती. जपानीत परक्या शब्दांसाठी काताकाना नावाची वेगळी लिपी आहे, मूळ अक्षरं 46. चित्रलिपीच्या हजारो चिन्हांपुढं हा आकडा फारच दयाळू. शिकायला बसले आणि तक्ता पाहून हसूच आलं. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आपल्या बाराखडीची चुलत बहीण. आणि तशीच ती आहे: बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णांचा क्रम जपानात गेला, त्यावरून तिथल्या पंडितांनी आपल्या ध्वनींची मांडणी केली. कंठापासून ओठांकडं येणारा तोच प्रवास. 'ह' मात्र 'म'च्या आधी, प-वर्गाच्या जागी बसला आहे, कारण तो पूर्वी 'प'सारखा उच्चारला जाई. उच्चार बदलला, जागा तीच राहिली. ज्यानं क-ख-ग पाटीवर गिरवलं आहे त्याला हा तक्ता पाठ करावा लागत नाही, नुसता ताडून पाहावा लागतो.

आणि मग मेन्यू बोलू लागला. レイヤー, रेइया. フィルター, फिरुता. ブラシ, बुराशि. コピースタンプ, कोपी सुताम्पु, म्हणजे काकांचं 'क्लोन'. जपानीत 'ल' नाही, जोडाक्षरं सुटी होतात, दीर्घ स्वरासाठी आडवी रेघ येते. या तीन गोष्टी लक्षात ठेवून मोठ्यानं म्हटलं की इंग्रजी शब्द गाळातून वर येतो. トーンカーブ हे तोन काबु. कर्व्हला इथं टोन कर्व्ह म्हणतात, ते जास्त नेमकंही आहे. मी ओठातल्या ओठात पुटपुटत बसे. मालकीणबाईंना वाटे मी मंत्र म्हणते आहे.

एका दुपारी त्यांनी एक फोटो पुढं ठेवला. सत्तरच्या दशकातला, सात वर्षांची मुलगी, किमोनो, हातात लांबुळकी कागदी पिशवी. तीन, पाच आणि सात या वयांच्या मुलांना नोव्हेंबरच्या मध्याला देवळात नेतात, तेव्हा दीर्घायुष्याची म्हणून साखरेची लांब कांडी मिळते, ती या पिशवीत असते. फोटो पार लालसर झाला होता. त्या काळच्या पुष्कळ रंगीत प्रिंटांचं हे दुखणं आहे: कागदातल्या तीन रंगद्रव्यांपैकी निळसर-हिरवं, छापखान्यात ज्याला सायन म्हणतात ते, अंधारात ठेवूनही आधी उडून जातं. लाल प्रकाशाला अडवणारं तेच, ते गेलं की लाल सगळीकडं पसरतो.

Ctrl+J, म्हणजे मूळ सुरक्षित ठेवून वर एक प्रत. पॅनेलमध्ये खाली कुलूप लावलेलं 背景, वर नवा レイヤー 1. बॅकग्राउंड कोणतं हे कुलपानंच सांगितलं. मग Ctrl+L. चौकट उघडली, शीर्षक レベル補正, रेबेरु होसेइ. रेबेरु कळलं, होसेइ म्हणजे दुरुस्ती हे नंतर कळलं, पण अडलं नाही, कारण डोंगरासारखा आलेख आणि त्याखालचे तीन त्रिकोण जगभर सारखेच. वर チャンネル, चान्नेरु. त्यात RGB, मग レッド, グリーン, ブルー. रेद्दो निवडला. आलेखाची डावी बाजू 70च्या आसपासपर्यंत मोकळी होती, म्हणजे फोटोत लालच्या दृष्टीनं काळं असं काही उरलंच नव्हतं. काळा त्रिकोण आलेख जिथं उठतो तिथवर सरकवला, मधला 1.00 वरून 0.85 वर आणला. सावल्यांमधून लाल उतरला, केसांना काळेपणा परत आला. हिरव्या आणि निळ्यात अगदी थोडं. जास्त ओढलं गेलं तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात करता येते: Alt धरला की キャンセル हे बटण बदलून 初期化 होतं. हे नाव मला वाचता आलं नव्हतं, पण Alt धरल्यावर कॅन्सलच्या जागी काय येतं हे हाताला ठाऊक होतं.

रंग बरोबर आला की नाही हे डोळ्यांना विचारायचं नाही, लालसर फोटोकडं पाहून डोळे लगेच सरावतात. F8 दाबून माहितीचं पॅनेल उघडायचं आणि पांढऱ्या वस्तूवर बाण न्यायचा. इथं ती कागदी पिशवी उपयोगी पडली. R, G, B हे तीन आकडे जवळजवळ सारखे हवेत. 228, 224, 219 आले. जुन्या कागदाला तेवढा पिवळेपणा शोभतो. त्या पॅनेलवरचा एकही जपानी शब्द वाचायची गरज पडली नाही.

शेवटी धार. フィルター मध्ये シャープ, त्यात अनशापु मासुकु. चौकटीत तीन पट्ट्या, तीन जपानी नावं: 量, 半径, しきい値. न वाचताही ओळखता येतात, कारण प्रत्येकीचं एकक शेजारी आहे. जिथं टक्के आहेत ती मात्रा, जिथं पिक्सेल आहेत ती त्रिज्या, आणि जिथं पुन्हा रेबेरु लिहिलं आहे ती किमान फरकाची अट. 80, 1.0, 3. प्रिंटचे कण उठून दिसू लागले तर तिसरा आकडा वाढवायचा.

आता अडलं कुठं ते. मुलीचा अर्धा चेहरा छत्रीच्या सावलीत होता, तो किंचित उजळायचा, म्हणजे डॉज. O दाबला. त्या घरात तीन अवजारं आहेत: 覆い焼き, 焼き込み आणि सुपोन्जि. सुपोन्जि म्हणजे स्पंज, ते सुटलं. बाकीच्या दोन्हींत 焼き, याकि. शब्दकोश म्हणतो भाजणं, जाळणं. डॉज आणि बर्न, त्यात जाळणारं बर्न. मग दोन्हींत जाळणं कसं? नुसतं नाव जुळवत बसलं तर इथं रस्ता संपतो. जपानी अनुवादकानं इंग्रजी शब्द घेतलाच नाही, आपल्या डार्करूममधला शब्द घेतला. जपानीत फोटो 'भाजतात', म्हणजे कागदावर छापतात. जादा प्रती काढण्यालाही त्याच क्रियापदावरून शब्द आहे. मग पहिलं म्हणजे झाकून छापणं आणि दुसरं म्हणजे जास्त छापून मुरवणं. झाकलेल्या भागावर प्रकाश कमी पडतो, कागद तिथं फिका राहतो, म्हणून चेहरा उजळतो. मालकीणबाईंच्या वडिलांची याच दुकानामागं डार्करूम होती. बाईंनी माझ्यापुढं हात धरला, तळवा सैल सोडून दिव्याखाली हलवत राहिल्या, थांबला की कडा दिसते म्हणून. मग दोन्ही तळव्यांची पोकळी करून मधल्या भोकातून प्रकाश सोडून दाखवला.

मग माझं लक्ष त्या चिन्हांकडं गेलं, जी मी इतकी वर्षं पाहत होते. डॉजचं चिन्ह म्हणजे काडीला लावलेली गोल चकती, बर्नचं म्हणजे पोकळ मूठ. पुण्यात आम्ही त्यांना 'लॉलीपॉप' आणि 'हात' म्हणत असू, कारण आमच्यापैकी कुणी डार्करूम पाहिली नव्हती. फोटोशॉप लिहिणाऱ्या थॉमस आणि जॉन या नोल बंधूंनी मात्र ती लहानपणी पाहिली होती. त्यांच्या वडिलांनी घराच्या तळघरात ती मांडली होती. 1990 साली पहिली आवृत्ती आली, आणि पुढं त्या अंधाऱ्या खोलीतली अवजारं चित्रं होऊन पडद्यावर चढली. अमेरिकेतून निघालेलं चित्र आणि जपानी दुकानातला शब्द एकाच टेबलाशी येऊन भेटत होते, मधला इंग्रजी शब्दच फक्त वाटेत आडवा होता. त्या दिवशी एक्स्पोजर 6 टक्क्यांवर ठेवून सावली उतरवली.

सगळ्यांत धोक्याचा शब्द मात्र याच्या उलट जातीचा. तो वाचता येऊ लागतो आणि म्हणूनच फसवतो: 反転, हानतेन. उलट करणं. हा तीन ठिकाणी येतो. रंगांच्या यादीत Ctrl+I समोर आला तर फोटोची निगेटिव्ह होते. निवडीच्या मेन्यूत Shift+Ctrl+I समोर आला तर आतलं सुटून बाहेरचं निवडलं जातं. आणि चित्र फिरवण्याच्या यादीत आला तर डावं-उजवं होतं, आरसा. पहिल्या दोन्हींत काय झालं ते लगेच दिसतं. तिसरं समोरून काढलेल्या चेहऱ्यावर कळतच नाही, आणि किमोनोच्या फोटोत तेच सर्वांत वाईट. किमोनोचा डावा पदर नेहमी उजव्यावर येतो, बाईचा असो की बुवाचा की पोराचा. उजवा वर फक्त प्रेताला नेसवताना घेतात. आरशासारखा उलटलेला फोटो म्हणजे सात वर्षांच्या मुलीला कफन. मालकीणबाई कोणताही फोटो हातात घेतला की आधी गळ्याकडं पाहतात, बघणाऱ्याला पदर इंग्रजी y अक्षरासारखा दिसतो ना. जुनी निगेटिव्ह उलट्या बाजूनं स्कॅन होऊन आली तर तीही तिथंच पकडली जाते. तेव्हापासून 左右, डावं-उजवं, ही जोडी मी हानतेनच्या आधी शोधते.

ब्लेंड मोडची यादी जपानीतही त्याच क्रमानं उतरते, तेच गट, त्याच आडव्या रेघा. वरचं नॉर्मल, काळे करणारे एका गटात, उजळ करणारे पुढच्या. सुकुरीन, ओबारेइ, सोफुतो राइतो हे कानांनी जुळले. मल्टिप्लायच्या जागी 乗算, शाळेतला गुणाकार. खाली जिथं पुण्यात मी कधी उतरलेच नव्हते, त्या गटात मात्र जुळवायला माझ्याकडं काही नव्हतं. डिफरन्स हे नाव पाहिलं होतं, पण ते कशाचं काम करतं हे कधी विचारलं नव्हतं. जपानी यादीत त्या जागी लिहिलं होतं 差の絶対値, 'वजाबाकीचं निरपेक्ष मूल्य'. शब्दकोशात चारही चिन्हं शोधली तेव्हा ते नाव नव्हतंच, ते गणित होतं: |A − B|. वरच्या आणि खालच्या थराच्या ठिपक्यांतला फरक, उणे असला तर चिन्ह टाकून. दोन्ही थर सारखे असले तर उत्तर शून्य, म्हणजे काळं.

तो हिशेब लगेच कामी आला. शाळेचा एक लांब गट-फोटो स्कॅनरच्या काचेत मावत नव्हता, दोन तुकड्यांत घ्यावा लागला, मधे पोरांच्या दोन रांगा दोन्हींत येतील असा. वरच्या तुकड्याला हा मोड दिला, V दाबलं आणि बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवत गेले. जुळेपर्यंत पांढऱ्या कडा भुतासारख्या दिसतात, जुळलं की मधला पट्टा काळा होतो. डावीकडं काळा झाला, उजवीकडं कडा उरल्या. म्हणजे सरकवण्यानं भागणार नव्हतं, फोटो काचेवर किंचित तिरका ठेवला गेला होता. Ctrl+T, वरच्या पट्टीत कोनाच्या घरात 0.2, एंटर. पट्टा जवळजवळ पूर्ण विझला. मोड पुन्हा यादीत सर्वांत वर, 通常 वर नेला. एका कोपऱ्यात कागद उचलला गेला होता तिथं एक रेघ राहिलीच, मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या टोपीवरून जाणारी. ती कोपी सुताम्पुनं काढली.